एका वेळी किती चॅट झेपतात, ते कसं मोजायचं

कंपनीच्या ग्राहकांना टाइप करून उत्तरं द्यायच्या कामाला, म्हणजे चॅट प्रोसेसला, नवीन लागलेल्या मुलामुलींना नेस्टिंगमध्ये, म्हणजे प्रशिक्षणानंतरच्या सरावाच्या दिवसांत, एकच चॅट देतात. शेजारी कोणीतरी जुनं बसलेलं असतं, समोर एक ग्राहक, एक खिडकी. ते जमतं. मग एके दिवशी टीएल, म्हणजे टीम लीडर, येऊन सांगतो, "उद्यापासून दोन घ्यायच्या." महिन्याभरात तीन होतात, आणि सणासुदीच्या सेलमध्ये कोणी न विचारताच चौथी खिडकी उघडलेली दिसते.

फोनवर असं होत नाही, कारण एका वेळी एकाच माणसाशी बोलता येतं. चॅटवर मात्र ग्राहक टाइप करत असतो, ऑर्डर नंबर शोधत असतो, मध्येच चहा घ्यायला उठतो, आणि तेवढा वेळ तुमचे हात रिकामे असतात. त्या रिकाम्या वेळात दुसरा ग्राहक बसवता येतो, एवढ्यावरच एकाच वेळी अनेक चॅट घ्यायची पद्धत उभी आहे. फ्लोअरवर याला कन्करन्सी म्हणतात. म्हणजे तुम्हाला किती चॅट झेपतील हे तुमच्या टायपिंगच्या वेगापेक्षा त्या रिकाम्या वेळावर जास्त ठरतं. तो वेळ मोजता येतो, आणि मोजायला अर्धा तास पुरतो.

मी पुण्यात खराडीला, ऑनलाइन कपडे विकणाऱ्या एका कंपनीच्या चॅट प्रोसेसवर आधी चॅटला होते आणि आता टीम बघते. खालचं सगळं त्या कामातलं आहे: ऑर्डर कुठे अडकली, साइज बदलून हवी, परत केलेल्या कपड्याचे पैसे आले नाहीत. बँकेच्या किंवा ब्रॉडबँडच्या चॅटवर आकडे वेगळे निघतील, हिशेबाची रीत मात्र तीच लागू पडते.

आधी स्वतःचे सेकंद काढा

नेस्टिंगचे दिवस संपायच्या आत, एकच चॅट चालू असतानाच्या तुमच्या दहा जुन्या चॅट काढून बसा. प्रत्येक ओळीपुढे वेळ छापलेली असते. तुम्हाला दोन अंतरं मोजायची आहेत.

पहिलं अंतर तुमचं. ग्राहकाची ओळ आली तिथपासून तुमचं उत्तर गेलं तिथपर्यंत. यात वाचणं, ऑर्डरची स्क्रीन उघडणं, कुरिअरची नोंद बघणं, टाइप करणं, सगळं आलं. याला मी 'हाताचा वेळ' म्हणते. ग्राहकाने एकच गोष्ट तीन तुकड्यांत लिहिली असेल ("हॅलो", "माझी ऑर्डर", "अजून आली नाही") तर शेवटच्या तुकड्यापासून मोजा.

दुसरं अंतर ग्राहकाचं. तुमचं उत्तर गेलं तिथपासून त्याची पुढची ओळ आली तिथपर्यंत. जो ग्राहक पाच मिनिटांहून जास्त वेळ गायब झाला, त्याचं ते अंतर सोडून द्या, नाहीतर सरासरी फुगते.

दोन्हींची सरासरी काढा. त्याच वेळी एका चॅटमध्ये साधारण किती फेऱ्या होतात, म्हणजे तुम्ही किती उत्तरं देता, तेही मोजून ठेवा. असे तीन आकडे हाताशी आले की पुढचं गणित साध्या भागाकाराचं आहे.

चौथी चॅट कुठे जाते

हिशेबाला सोपे पडतील असे गोल आकडे धरू. तुमचा हाताचा वेळ ४० सेकंद, ग्राहकाचा ८० सेकंद, आणि एका चॅटमध्ये ८ फेऱ्या.

एकच चॅट असेल तर एक फेरी १२० सेकंदांची होते. त्यातले ४० तुमचे, ८० तुम्ही वाट बघत बसलेले. आठ फेऱ्या म्हणजे १६ मिनिटं, तासाला पावणेचार चॅट. १२० ला ४० ने भागलं की ३ येतात. म्हणजे तिघांना आळीपाळीने उत्तर देत गेलात तर पहिल्याची पुढची ओळ यायला आणि तुमचे हात मोकळे व्हायला एकच वेळ पडेल. ही तुमची कागदावरची कमाल मर्यादा झाली.

कागदावरची म्हणते, कारण दुसरी चॅट आली की ४० सेकंद ४० राहत नाहीत. एका ग्राहकाच्या कुर्तीच्या साइजमधून दुसऱ्याच्या अडकलेल्या पैशांकडे वळताना मागच्या दोन ओळी परत वाचाव्या लागतात, ऑर्डर परत उघडावी लागते, आपण त्याला काय कबूल केलं होतं ते आठवावं लागतं. एका विषयातून दुसऱ्यात जाताना मन थोडं मागेच रेंगाळतं. सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये यावर लिहिलं आहे, आणि फ्लोअरवर बसणाऱ्या कोणालाही ते वेगळं सांगावं लागत नाही. समजा दोन चॅटला हाताचा वेळ ४५ सेकंद होतो, तीनला ५०, चारला ६०.

दोन चॅटला एक फेरी १२५ सेकंदांची होते, चॅट साडेसोळा मिनिटांच्या आसपास संपते आणि तासाला ७.२ सुटतात. जवळपास दुप्पट काम झालं, आणि ग्राहकाला फक्त पाच सेकंद जास्त थांबावं लागलं. दुसरी चॅट घेणं अगदी फायद्याचं.

तीनला मजा बदलते. तिघांची उत्तरं द्यायला तुम्हाला १५० सेकंद लागतात, ग्राहक मात्र ८० सेकंदांत तयार होऊन बसलेला असतो. आता तुम्ही त्याची वाट बघत नाही, तो तुमची बघतो. फेरी १५० सेकंदांची, चॅट २० मिनिटांची, तासाला ९ सुटतात. प्रत्येक उत्तरासाठी ग्राहक ७० सेकंद थांबतो. फायदा आहे, पण दुसऱ्या चॅटएवढा नाही.

चार घेतल्या की चौघांना ६० सेकंदांप्रमाणे २४० सेकंद लागतात. चॅट ३२ मिनिटं चालते. तासाला सुटतात साडेसात. तीन घेत होतात तेव्हा नऊ सुटत होत्या.

इथे जरा थांबून हे नीट बघा, कारण नव्या माणसाला आणि कधीकधी जुन्या मॅनेजरलाही हे पटत नाही. कोणी म्हणेल, साठ सेकंद कशाला लागतील, मी चारला पण पन्नासमध्येच उत्तर देतो. ठीक, तसं धरू. मग फेरी २०० सेकंदांची, आणि तासाला सुटतात बरोबर ९. म्हणजे तीनला जेवढ्या होत्या तेवढ्याच. चौथ्या चॅटने एकही जास्तीचा ग्राहक मोकळा केला नाही, फक्त चौघांनाही उत्तरासाठी ७० ऐवजी १२० सेकंद ताटकळत ठेवलं. कारण तीनलाच तुमचे हात पूर्ण भरले होते. भरलेल्या हातात आणखी घेतलं तर काम वाढत नाही, रांग फक्त बाहेरच्या प्रतीक्षेतून तुमच्या खिडक्यांमध्ये येते. बाहेर थांबलेल्या ग्राहकाला निदान माहीत असतं की आपला नंबर लागायचा आहे. तुमच्या खिडकीत आलेल्याला वाटतं आपल्याशी कोणी बोलतंय, आणि समोरून दोन-दोन मिनिटं शब्द येत नाही. त्याचा राग जास्त असतो, आणि तो रास्त असतो.

डॅशबोर्डवर हे कसं ओळखायचं? एएचटीचा, म्हणजे एका चॅटला सरासरी लागणाऱ्या वेळेचा, आकडा एकटा बघू नका, तो कन्करन्सीबरोबर वाढतोच. एएचटीला सरासरी चालू चॅटने भागा. दोनला १६ मिनिटं ४० सेकंदांचे दोन भाग, म्हणजे ८ मिनिटं २० सेकंद. तीनला २० मिनिटांचे तीन भाग, ६ मिनिटं ४० सेकंद. चारला ३२ चे चार, ८ मिनिटं. हा भागाकार खाली येतो तोपर्यंत वाढवलेल्या चॅटचा उपयोग होतोय. तो जिथे थांबला किंवा वर वळला, तिथे तुमची हद्द आहे. जॉन लिटल यांचा रांगांबद्दलचा नियम १९६१ सालचा आहे, हा भागाकार त्यावरच उभा आहे: एका वेळी आत असलेले ग्राहक म्हणजे दर तासाला येणारे गुणिले प्रत्येकाचा आत राहण्याचा वेळ. म्हणून आत राहण्याच्या वेळेला आत असलेल्यांनी भागलं की किती वेळाने एक ग्राहक सुटतो ते निघतं.

आता एक दुरुस्ती. वरच्या हिशेबात प्रत्येक ग्राहक घड्याळाप्रमाणे ८० सेकंदांनीच लिहितो. खरे ग्राहक तसे नसतात. पाच मिनिटं तिघेही गप्प, आणि मग तिघे एकदम. म्हणून गणिताने ३ आलं तर आठ तासांच्या शिफ्टला तीन सलग धरू नका. तीनला तुमच्या हाताला श्वास घ्यायला एक सेकंद शिल्लक नसतो, दोनला १२५ मधले ९० भरलेले असतात, ३५ मोकळे. माझ्या टीममध्ये असा आकडा आलेल्या मुलीला मी दोन कायम आणि तिसरी फक्त हलकी, असं लावते.

वेग पडायच्या आधी दर्जा पडतो

वरचं गणित एका गोष्टीबाबत फसवं आहे, आणि ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. हाताचा वेळ ६० सेकंदांवर जायला हवा होता, पण स्क्रीनवर ५० च दिसतो, असं फार वेळा होतं. मग टीएल खूश होतो. तो वेळ खरंच वाचलेला असतो का? नाही. तो कुठूनतरी काढलेला असतो.

चाळीस सेकंद उघडून बघा. साधारण आठ सेकंद वाचायला, पंधरा ऑर्डर आणि कुरिअरची स्क्रीन बघायला, बारा टाइप करायला, पाच पाठवायच्या आधी एकदा नजर फिरवायला. घाई झाली की टायपिंगचे बारा कमी होत नाहीत, बोटं तेवढीच चालतात. आधी जातात शेवटचे पाच, मग कुरिअरची स्क्रीन. "बघून सांगते" लिहून न बघताच "तुमची ऑर्डर वाटेत आहे, ४८ तासांत मिळेल" असं साच्यातलं उत्तर जातं. ग्राहक "ओके" म्हणतो, चॅट बंद होते, सीसॅटला, म्हणजे ग्राहक किती समाधानी आहे त्या मोजणीत, कधीकधी चार ताऱ्यांचं रेटिंगही मिळतं. तिसऱ्या दिवशी तोच ग्राहक परत येतो, कारण पार्सल पत्ता चुकीचा म्हणून केव्हाच परत फिरलेलं होतं आणि ते त्या न उघडलेल्या स्क्रीनवर लिहिलेलं होतं.

म्हणून मर्यादा ठरवताना उत्तराच्या वेगाचा आकडा बघून समाधान मानू नका. बघायचं ते सात दिवसांत त्याच प्रश्नासाठी परत आलेल्या चॅट. तुमच्या क्यूएला, म्हणजे चॅटचा दर्जा तपासणाऱ्या माणसाला, विनंती करा की तपासायच्या चॅट निवडताना दोन चालू असतानाच्या पाच आणि तीन चालू असतानाच्या पाच वेगळ्या काढा. एकत्र सरासरीत हा फरक बुडून जातो. वेगळं काढलं की दिसतं: दोनमध्ये बरोबर विचारलेला प्रश्न तीनमध्ये विचारलाच गेलेला नसतो.

खिडक्या फिरवायची रीत

आता प्रत्यक्ष काम. दोनपासून सुरू करा आणि हे हाताला वळण लागेपर्यंत तिसरी घेऊ नका.

नवीन चॅट आली की पंधरा सेकंदांच्या आत तिला पहिली ओळ द्या, मग बाकीच्यांकडे जा. पहिली ओळ नुसती "नमस्कार" नको. त्या ओळीत ग्राहकाला काम द्या: "नमस्कार, मी बघते. ऑर्डर नंबर, नोंदवलेला मोबाइल नंबर आणि काय बदलून हवं आहे, हे एकदम लिहाल का?" यामागे हिशेब आहे. तीन गोष्टी तीन फेऱ्यांत विचारल्या तर तीनदा तुमचे हात अडकतात आणि तीनदा तो ग्राहक पन्नास सेकंदांत परत येतो. एकदम विचारल्या तर तो दोन मिनिटं शोधत बसतो, आणि ती दोन मिनिटं दुसऱ्या ग्राहकाला मिळतात. आठ फेऱ्यांची चॅट सहा फेऱ्यांवर आणली, तर मर्यादा न वाढवताही तासाला जास्त ग्राहक सुटतात. नव्यांना सगळ्यात जास्त उपयोग मला याच एका सवयीचा झालेला दिसला आहे.

पहिली ओळ दिल्यावर पुढचा क्रम एकच: ज्याची ओळ सगळ्यात जुनी, त्याला आधी. जो मोठ्या अक्षरांत लिहितो किंवा प्रश्नचिन्हं टाकतो त्याला आधी द्यावंसं वाटतं. तसं केलंत तर शांत बसलेला ग्राहक चार मिनिटं कोरडा राहतो, आणि मग तोही प्रश्नचिन्हं टाकायला लागतो. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये खिडकीवर किती वेळ झाला ते दिसतं. तो आकडा बघा, आवाज नाही.

ज्या कामाला सिस्टीम वेळ घेते, ते आधी सुरू करून ठेवा. पैसे परत करायची विनंती टाकली की आमच्या सिस्टीमला ती घ्यायला मिनिटभर लागायचं. नवीन मुलं ते मिनिट गोल फिरणाऱ्या चक्राकडे बघत घालवतात. विनंती टाका, ग्राहकाला सांगा, दुसऱ्या खिडकीत जा, परत या.

"एक मिनिट" हा शब्द सोडा. ग्राहकाच्या घड्याळात एक मिनिट म्हणजे साठ सेकंद असतात. "गोदामाची नोंद उघडतेय, साधारण तीन मिनिटं लागतील, मी स्वतःहून लिहिते" असं खरं अंतर द्या आणि ते पाळा. तीन मिनिटं सांगितलेला ग्राहक मध्ये "आहात का?" विचारत नाही, आणि प्रत्येक "आहात का?" ही तुमच्यासाठी एक वाढीव फेरीच असते.

आणि शेजारी कागद ठेवा. नोटपॅड उघडून ठेवू नका, त्याने आणखी एक खिडकी वाढते. साधी वही, प्रत्येक चॅटला एक ओळ. माझ्या वहीतल्या ओळी अशा असायच्या:

"नाशिक, निळी कुर्ती, एम हवी, पिकअप लावला, ग्राहक वेळ सांगणार."

"लातूर, पैसे अडकले, बँक नंबर मागितला, मी गोदाम बघायचं."

शेवटचे तीन शब्द सगळ्यात कामाचे: चेंडू कोणाकडे आहे. खिडकीत परतल्यावर आठ ओळी परत वाचायच्या ऐवजी वहीतली एक ओळ वाचली की हाताचा वेळ पन्नासवरून पंचेचाळीसवर येतो. वहीत पूर्ण नाव, फोन, कार्ड नंबर लिहायचे नाहीत, आणि बऱ्याच फ्लोअरवर कागदालाच बंदी असते. तिथे पुसता येणारी पाटी मिळते का ते विचारा, किंवा सॉफ्टवेअरमधल्या चॅटच्या अंतर्गत नोंदीत हीच ओळ लिहा.

नाशिकचा पत्ता लातूरला

वरच्या दोन ओळी मी मुद्दाम त्याच निवडल्या. मला लागून दुसरा महिना चालू होता, सेलचा शनिवार, आणि सिस्टीमवर मर्यादा चारची लावलेली. नाशिकच्या बाईंना पिकअपचा पत्ता परत लिहून खात्री करून घ्यायची होती. मी ऑर्डरच्या स्क्रीनवरून पत्ता कॉपी केला, खिडकीत परत आले, आणि त्याच क्षणी चौथी चॅट आली. सॉफ्टवेअरने नवीन चॅट आल्याबरोबर पडदा हलवला. मी ती पंधरा सेकंदांत उघडली, नमस्कार लिहिला, मग परत वळले आणि पेस्ट करून पाठवलं. खिडकी लातूरच्या गृहस्थांची होती.

त्यांनी लिहिलं, "ताई, मी नाशिकचा नाही. हा पत्ता कोणाचा आहे?"

एका अनोळखी बाईचं पूर्ण नाव, इमारत, घराचा नंबर, मोबाइल, सगळं दुसऱ्या माणसाच्या पडद्यावर. पाठवलेली ओळ परत घेता येत नव्हती. मी टीएलला हाक मारली. ती येऊन उभी राहिली, रागावली नाही. म्हणाली, "आधी त्यांची माफी माग, ती ओळ वापरू नका म्हणून विनंती कर. मग चौथी माझ्याकडे ट्रान्सफर कर. मग आपण वर कळवू." त्या क्रमानेच केलं. नाशिकच्या बाईंनाही सांगितलं. ते सांगताना काय वाटलं ते मी अजून विसरलेली नाही.

अशी चूक दोन चॅटला जवळजवळ होत नाही, कारण कॉपी आणि पेस्टच्या मध्ये तिसरं काही येत नाही. चारला येतंच. आता तर २०२३ चा वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला आहे, पण कायदा नसता तरी त्या बाईंचा पत्ता त्यांचाच होता. तेव्हापासून मी टीममध्ये तीन गोष्टी पक्क्या केल्या आहेत. पत्ता किंवा नंबर कॉपी करायचा तो त्याच खिडकीत लगेच पेस्ट करायचा, मध्ये काही आलं तर कॉपी केलेलं रद्द समजून परत जाऊन नव्याने घ्यायचं. पत्ता पूर्ण लिहायचाच नाही, "गंगापूर रोडचा पत्ता बरोबर आहे ना?" एवढ्यात खात्री होते. आणि उत्तराची सुरुवात ग्राहकाच्या नावाने करायची. नाव टाइप करताना डोळे आपोआप खिडकीच्या वर लिहिलेल्या नावाकडे जातात. ते जुळलं नाही तर हात थांबतो.

हद्द ओलांडली हे कसं ओळखायचं

आकडे महिन्याने येतात. शिफ्टमध्ये बसल्याजागी ओळखायच्या खुणा वेगळ्या आहेत.

सगळ्यात पहिली खूण: ग्राहकाने आधीच सांगितलेली गोष्ट तुम्ही परत विचारलीत. "ऑर्डर नंबर द्याल का?" आणि समोरून "वर दिला आहे." हे शिफ्टमध्ये एकदा झालं तर सोडा. तासात दोनदा झालं तर तुम्ही वाचणं सोडलं आहे.

दुसरी: तुमचं उत्तर आणि ग्राहकाची नवी ओळ एकमेकांना ओलांडून जाताहेत. तुम्ही मागच्या प्रश्नाचं उत्तर देताय, तो पुढच्यावर गेला आहे. इथून पुढे चॅट नेहमी लांबते.

तिसरी खूण फार हळू येते आणि ती स्वतःला दिसत नाही, शेजाऱ्याला दिसते. उत्तरं सगळी एकाच साच्यातली व्हायला लागतात. लातूरच्या गृहस्थांनी लिहिलं होतं की भाचीच्या लग्नाला साडी वेळेत आली नाही, आणि त्यांना गेलेली ओळ होती "तुम्हाला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." लग्न होऊन गेलं हे वाचलं असतं तर कोणीही ती ओळ पाठवली नसती.

या तीनपैकी दोन दिसल्या की एक खिडकी कमी करायची. कमी करायची म्हणजे चालू चॅट घाईने बंद करायची नाही. तुमच्या स्थितीचं बटण बदलून नवीन चॅट येणं थांबवा, चालू आहेत त्या संपू द्या. न विचारता ऑक्समध्ये, म्हणजे ब्रेकच्या स्थितीत, जायचं नाही, टीएलला एका वाक्यात कळवा: "तीन चालू आहेत, त्यातल्या दोन पैशांच्या आहेत, दहा मिनिटं नवीन नको." असं नेमकं सांगितलं तर चांगला टीएल नाही म्हणत नाही, कारण त्यालाही परत आलेल्या चॅटच मोजायच्या असतात. ट्रान्सफर करावी लागलीच तर अंतर्गत नोंदीत तीन गोष्टी लिहून मगच करा: ग्राहकाला काय हवं आहे, आतापर्यंत काय केलं, त्याला काय कबूल केलं आहे. नुसती ढकललेली चॅट म्हणजे ग्राहकाला सगळं पहिल्यापासून सांगायला लावणं.

सगळ्या चॅट सारख्या नसतात

मर्यादेचा आकडा एकच लावला की एक अडचण येते. "ऑर्डर कुठे आहे" या चॅटला चार फेऱ्या पुरतात आणि हाताचा वेळ पंचवीस सेकंद असतो. "दोनदा पैसे कापले गेले" या चॅटला बँकेची नोंद, पेमेंटची नोंद, ऑर्डरची नोंद अशा तीन स्क्रीन लागतात आणि हाताचा वेळ नव्वदवर जातो. सिस्टीमच्या लेखी दोन्ही एकेकच.

म्हणून माझ्याकडे आम्ही वजन लावतो. साधी चौकशी एक, साइज बदलणं एक, पैशांचा गोंधळ दोन, आणि ग्राहक चिडलेला असून आधी दोनदा येऊन गेला असेल तर तीन. एका माणसाचं वजन तीनच्या वर जाऊ द्यायचं नाही. म्हणजे चिडलेला जुना ग्राहक आला की त्या वेळी तुमच्याकडे तो एकटाच. सेल्सफोर्सच्या ऑम्नी-चॅनलसारख्या सॉफ्टवेअरमध्ये कामाच्या प्रकाराप्रमाणे असं वजन ठरवायची सोय आहे. ज्यात नाही, तिथे ते डोक्यात धरून स्थितीचं बटण स्वतः बदलावं लागतं.

गप्प झालेल्या ग्राहकाचंही असंच. तो खिडकी अडवून बसतो आणि डॅशबोर्डवर तुमची तीन भरलेली दिसते, प्रत्यक्षात दोन चालू असतात. तीन मिनिटांनी एकदा विचारा, पाचव्या मिनिटाला सांगून बंद करा: "सध्या चॅट बंद करते. परत आलात की हाच ऑर्डर नंबर द्या, आतापर्यंतची नोंद इथे लिहून ठेवली आहे." ती नोंद खरंच लिहा. गप्प ग्राहक मोकळी जागा समजून वर आणखी एक घेतली, आणि तो परत आला, की मर्यादा नकळत चारवर गेलेली असते. त्या शनिवारी माझी चौथी खिडकी अशीच उघडली होती. तिसरा ग्राहक सात मिनिटं गप्प होता, मी त्याला हिशेबात धरलंच नव्हतं.

तुमचे तीन आकडे दर दोन महिन्यांनी परत काढा. सवय झाली की हाताचा वेळ ४० वरून ३० वर येतो, आणि मग तिसरी चॅट खरंच झेपते: समजा तीन चालू असताना तो ३५ होतो, तर तिघांना मिळून १०५ सेकंद लागतात, आणि ग्राहकाचे ८० अधिक तुमचे ३५ मिळून फेरी ११५ ची होते, म्हणजे दहा सेकंद मोकळे राहतात. नवीन उत्पादन आलं, परताव्याचे नियम बदलले, की तोच वेळ परत ४५ वर जातो. त्या आठवड्यात परत दोनवर या, आणि टीएलला कारण सांगताना वही पुढे करा.